ट्रेलरने शेवट लपवला, श्रेयनामावलीने फोडला: शॉर्टफिल्मच्या ट्रेलरसोबतची माहिती कशी भरावी

आमच्या पहिल्या शॉर्टफिल्मचा ट्रेलर आम्ही चार वेळा कापला होता. शेवटाची चाहूल लागेल असा प्रत्येक शॉट शोधून काढून टाकला. रात्री साडेअकराला अपलोड केला, खाली कलाकारांची यादी चिकटवली आणि झोपलो. सकाळी नवी पेठेत चहाच्या गाड्यावर मित्र भेटला. म्हणाला, “आता काय सिनेमा बघायचा बे, सगळं सांगूनच टाकलंस की.” मी म्हटलं, ट्रेलरमध्ये काय सांगितलंय? त्याने मोबाइल पुढे केला. यादीतली तिसरी ओळ अशी होती: ‘तोतया इन्स्पेक्टर’ आणि पुढे आमच्या नटाचं नाव. तो इन्स्पेक्टर खोटा आहे हेच सिनेमाचं गुपित होतं, आणि ते मी स्वतःच्या हाताने टाइप केलं होतं.

तेव्हापासून आमच्या गटात ट्रेलरसोबतच्या मजकुराचं काम माझ्याकडे आलं. याला मेटाडेटा म्हणतात. व्हिडिओच्या चौकटीबाहेर, पण त्याच्यासोबत जाणारा सगळा मजकूर त्यात येतो: शीर्षक, वर्णन, लॉगलाइन, प्रदर्शनाची तारीख, श्रेयनामावली, टॅग, उपशीर्षकं, फाइलचं नावसुद्धा. नवखे लोक लॉगलाइनवर दोन दिवस घालवतात आणि बाकीचं पाच मिनिटांत भरतात. माझा अनुभव उलटा आहे. लॉगलाइनमधून शेवट क्वचितच फुटतो, कारण तिथे सगळे सावध असतात. तो फुटतो श्रेयनामावलीतून, तारखेतून आणि या सगळ्या रकान्यांच्या बेरजेतून.

एक उदाहरण घेऊन सगळं भरून दाखवतो. कथा या लेखापुरती रचलेली आहे, त्यामुळे तिचा शेवट इथे बिनधास्त सांगतो.

‘खडखडाट’ची गोष्ट

शॉर्टफिल्म अठरा मिनिटांची आहे. सोलापूरच्या पूर्वभागात राहणारे राजय्या गड्डम आयुष्यभर यंत्रमागावर चादरी विणत आले. शेजारचा कारखाना बंद पडतो, माग भंगारात जातात आणि चाळीस वर्षं कानात असलेला खडखडाट एका रात्रीत थांबतो. राजय्यांची झोप उडते. मुलीची मुलगी श्रावणी, वय अकरा, मोबाइल घेऊन बाहेर पडते, कुठल्यातरी चालू कारखान्यातला आवाज रेकॉर्ड करून आणते आणि रात्री आजोबांच्या उशाशी लावते. ते झोपतात. तिसऱ्या रात्री मात्र ते ताडकन उठून बसतात. त्या आवाजात एका मागाचा ठोका ठराविक अंतराने चुकतोय आणि तो ठोका त्यांच्या ओळखीचा आहे. तो त्यांचाच जुना माग. भांडून घर सोडताना थोरला मुलगा व्यंकटेश तो घेऊन गेला होता. तो भिवंडीला गेला असं सगळे समजून आहेत, पण नातीने आवाज तर अक्कलकोट रोडवरून आणलाय. शेवटच्या दृश्यात राजय्या त्या कारखान्याच्या दारात उभे राहतात. व्यंकटेश माग थांबवतो. शांतता. तिथे सिनेमा संपतो.

ट्रेलर बावन्न सेकंदांचा. त्यात बंद कारखाना आहे, आजोबांचे उघडे डोळे आहेत, मोबाइल घेऊन पळणारी नात आहे आणि शेवटी अंधारात मागाचा आवाज.

आधी झाकायची यादी

रकाने भरायच्या आधी एका कागदावर लिहा: प्रेक्षकाला आधी कळता कामा नयेत अशा गोष्टी कोणत्या? बहुतेक जण इथे ‘शेवट’ एवढंच लिहितात, त्याचा उपयोग होत नाही. शेवट ज्या बारीक तथ्यांवर उभा आहे ती तथ्यं सुटी करून लिहावी लागतात. ‘खडखडाट’साठी ती तीन आहेत. एक, राजय्यांना मुलगा आहे. दोन, तो सोलापुरातच आहे. तीन, रेकॉर्ड केलेला आवाज त्याच्या मागाचा आहे.

यातलं पहिलं तथ्य बघा. ‘मुलगा आहे’ यात गुपित ते काय? पण सिनेमात मुलाचा पहिला उल्लेख अकराव्या मिनिटाला येतो. त्याआधी प्रेक्षकाला मुलगा माहीत असेल, तर नात आवाज आणायला निघते त्या क्षणीच तो अंदाज बांधून बसतो. म्हणून मी तेही झाकतो. उलट, आवाज मोबाइलवर रेकॉर्ड होतो हे पाचव्या मिनिटालाच कळतं, कथेची सुरुवातच ती आहे, ते उघड ठेवायला हरकत नाही. सगळंच झाकलं तर सांगायला काही उरत नाही, म्हणून ही विभागणी आधी करून घ्यायची. मी साधा नियम ठेवलाय: सिनेमाच्या पहिल्या पाव भागात पडद्यावर जे दिसतं ते सांगायचं, पुढचं नाही. इथे पाव भाग म्हणजे साडेचार मिनिटं, थोडं ताणून पाच.

लॉगलाइन

लॉगलाइन म्हणजे एका वाक्यात कथेची मांडणी: कोण, त्याच्यापुढे काय उभं राहिलं आणि तो काय करायला निघाला. पंचवीसेक शब्द पुरतात. पात्रांची नावं सहसा घालत नाहीत, कारण ‘राजय्या’ म्हटल्याने अनोळखी वाचकाला काहीच कळत नाही. ‘म्हातारा विणकर’ म्हटलं की कळतं.

पहिला खर्डा बहुधा असा येतो: ‘मुलाशी अबोला धरलेल्या विणकराला नातीने आणलेल्या आवाजातून हरवलेलं नातं पुन्हा सापडतं.’ ही लॉगलाइन नव्हे, हा सारांश झाला. महोत्सवाच्या अर्जात परीक्षकांसाठी वेगळा सारांश मागतात तिथे हे चालेल, ट्रेलरखाली नाही. मग घाबरून माणूस दुसऱ्या टोकाला जातो: ‘खडखडाट... नात्यांचा, आठवणींचा आणि न बोललेल्या शब्दांचा.’ यात काहीच फुटत नाही, कारण यात काही नाहीच. हे वाक्य कुठल्याही सिनेमाखाली बसेल.

तिसरा खर्डा जवळपास बरोबर असतो, पण शेवटी मोह होतो: ‘...नात तो आवाज शोधून आणते, पण तो आवाज नेमका कोणाचा?’ प्रश्न विचारला म्हणजे काही सांगितलं नाही असं वाटतं. पण ‘कोणाचा’ या एका शब्दाने आवाजामागे माणूस आहे हे कळलं, आणि ‘पण’ने पुढे कलाटणी आहे हेही. ‘अखेर’, ‘मात्र सत्य वेगळंच’, ‘धक्कादायक शेवट’ ही सगळी त्याच जातीची. कलाटणी आहे असं सांगितलं की प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून ती शोधत बसतो.

आमची अंतिम ओळ ही:

‘शेजारचा कारखाना बंद पडतो आणि मागांच्या खडखडाटाशिवाय म्हाताऱ्या विणकराची झोप उडते, तो आवाज परत आणायला त्याची अकरा वर्षांची नात मोबाइल घेऊन घराबाहेर पडते.’

तेवीस शब्द. वाक्य तिच्या निघण्यावर थांबतं, तिला काय मिळालं त्यावर नाही.

इथे मराठीची स्वतःची गंमत आहे, तिच्यात नवखे हमखास अडकतात. आपली क्रियापदं लिंग सांगतात. ‘रात्री कोणीतरी माग चालवतोय’ असं लिहिलं की तो पुरुष आहे हे फुटलं. रहस्यकथेत ‘खुनी पळून गेला’ एवढ्यावर अर्धे संशयित सुटतात. अशा वेळी माणसाला कर्ता करायचं नाही, वस्तूला करायचं: ‘रात्री माग सुरू होतो.’ काळाचंही तसंच. ‘राजय्या विणकर होते’ असं लिहिलं तर वाचक त्यांना मेलेलं समजतो, किंवा निदान सिनेमात मरणार असं धरून चालतो. ‘आयुष्यभर विणत आलेले राजय्या’ म्हटलं की ते जिवंत राहतात. लॉगलाइन वर्तमानकाळातच लिहायची याचं कारण हेच आहे: भूतकाळ म्हणजे निकाल लागून गेलेला.

भाषांतर करून घेताना हे पुन्हा तपासा. आमच्याकडे सोलापुरात तेलुगू लॉगलाइनही लागते. तेलुगूतही क्रियापदावरून पुरुष आहे की नाही ते कळतं, आणि इंग्रजीत क्रियापद गप्प राहिलं तरी सर्वनाम चुगली करतं. भाषांतर करणाऱ्याला झाकायची यादी द्या, नुसती ओळ देऊ नका.

तारीख

इथे दोन तारखा असतात आणि त्या गुंतल्या की घोळ होतो. ट्रेलर कधी टाकला ती तारीख यूट्यूब स्वतः दाखवतं. सिनेमा कधी येणार ती तुम्हाला वर्णनात लिहावी लागते, आणि ती पहिल्या दोन ओळींत हवी, कारण वर्णन उघडल्याशिवाय वरचा थोडाच भाग दिसतो. वार, तारीख, महिना अक्षरी, वर्ष आणि वेळ असं पूर्ण लिहा. ‘०९/०८’ लिहिलं तर अमेरिकेतला भाचा ८ सप्टेंबरला येऊन बसतो.

पण तारीखही शेवट फोडते, हे मला एका सहकाऱ्याने दाखवून दिलं. ‘खडखडाट’सारख्या कथेला पहिली सुचणारी तारीख म्हणजे फादर्स डे, जूनचा तिसरा रविवार, २०२६ मध्ये २१ जून. पोस्टरवर छान दिसलं असतं. पण ट्रेलरमध्ये एक आजोबा आणि एक नात, आणि प्रदर्शन मात्र बापांच्या दिवशी? मग बाप कोण आणि मूल कुठे, हा प्रश्न प्रेक्षकाच्या डोक्यात आपणच सोडला. तारीख बाद. दुसरी सूचना ७ ऑगस्टची, राष्ट्रीय हातमाग दिनाची. तिच्यातून काही फुटत नव्हतं, पण आपली कथा यंत्रमागाची. सोलापुरात हातमाग आणि यंत्रमाग एक करणाऱ्याला लोक उभं सोडणार नाहीत. नारळी पौर्णिमाही टाळली, कारण त्या दिवशी मार्कंडेय महामुनींच्या रथोत्सवाला सगळा पूर्वभाग रस्त्यावर असतो, सिनेमा कोण बघणार? शेवटी ठरलं: रविवार, ९ ऑगस्ट २०२६, सायंकाळी ७.

वेळ आपल्या तक्त्यात अशी नोंदवा:

```
2026-08-09T19:00:00+05:30
```

शेवटचा तुकडा म्हणजे भारतीय वेळ, जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. तो गाळला आणि पुढे कुणी हा आकडा जागतिक वेळ समजून भरला, तर तुमचा सिनेमा आपल्याकडे रात्री साडेबाराला, म्हणजे सोमवारी १० तारखेला उघडतो. अपलोडची वेळ ठरवताना पडद्यावर कुठला वेळपट्टा दिसतोय ते एकदा वाचा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवरून करत असाल तर दोनदा.

तारीख नक्की नसेल तर खोटी लिहू नका आणि ‘लवकरच’ही वर्षभर लोंबकळत ठेवू नका. ‘ऑगस्ट २०२६’ एवढा महिना लिहिला तरी चालतो, पुढे ओळ बदलता येते. थिएटरमध्ये सार्वजनिक खेळ लावणार असाल तर सिनेमाला सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं, लांबी अठरा मिनिटं असली तरी, आणि तिथे ट्रेलर दाखवायचा तर त्यालाही वेगळं. ते हातात येईपर्यंत थिएटरची तारीख किंवा ‘यूए १३+’ असं काही मजकुरात टाकायचं नाही.

श्रेयनामावली: सगळ्यात धोक्याची जागा

श्रेय देताना आपण प्रामाणिक असतो आणि प्रामाणिकपणा इथेच अंगाशी येतो. ‘खडखडाट’ची पहिली यादी कशी झाली असती ते बघा. राजय्या गड्डम, श्रावणी, आणि तिसरं नाव: व्यंकटेश राजय्या गड्डम. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं. ट्रेलरखाली हे पूर्ण नाव टाकलं की झाकायच्या यादीतलं पहिलं तथ्य गेलं. मधलं नाव काढलं तरी आडनाव उरतं. दोन पात्रांचं आडनाव एक आणि नातीचं वेगळं, एवढ्यावरून चौकस वाचक वंशावळ मांडतो. आडनाव काढून ‘व्यंकटेश (थोरला मुलगा)’ लिहिलं तर गुपित सरळच फुटलं.

मग काय करायचं? त्या नटाचं नावच गाळायचं का? नाही. त्याने काम केलंय, नाव हा त्याचा हक्क आहे, आणि पुष्कळदा आधी ठरलेल्या कागदावर तसं लिहिलेलंही असतं. दुसरा मार्ग लोक काढतात तो म्हणजे इतरांपुढे भूमिका लिहून फक्त त्याच्यापुढची जागा रिकामी ठेवायची. हा तर दिवा लावून दाखवण्याचा प्रकार. रिकामी जागा बघून कुणीही विचारेल, हा कोण बुवा?

आम्ही करतो ते असं: ट्रेलरसोबतच्या यादीत कोणाचीच भूमिका लिहायची नाही. सगळी नावं एका ओळीत, अकारविल्हे, आणि ‘अकारविल्हे’ असं कंसात स्पष्ट लिहायचं, म्हणजे मानापमान होत नाही. भूमिकांसह पूर्ण यादी सिनेमाच्या शेवटी पडद्यावर येतेच. महोत्सवाच्या किंवा सिनेमांच्या माहितीकोशाच्या अर्जात भूमिकेचं नाव भरावंच लागलं तर फक्त ‘व्यंकटेश’ एवढं भरायचं, नातं नाही, वडिलांचं नाव नाही, आडनाव नाही. मग राजय्यांचंही आडनाव काढायचं, सगळ्यांना एकच माप. भूमिका वर्णनाने लिहायची वेळ आली तर पात्र पहिल्यांदा पडद्यावर येतं तेव्हा प्रेक्षक त्याला जे समजतो तेच लिहायचं. माझा तोतया इन्स्पेक्टर ‘इन्स्पेक्टर’ एवढाच हवा होता.

पाहुण्या नटाचा मामला वेगळा. शेवटच्या दृश्यात एखादा ओळखीचा चेहरा अचानक येणार असेल तर त्याचं नाव हेच गुपित असतं. अशा वेळी नाव प्रदर्शनापर्यंत राखून ठेवता येतं, पण त्या नटाची संमती लेखी घ्या. व्हॉट्सॲपवरचा एक निरोपही चालेल, पण हवा.

पडद्यामागच्या मंडळींकडेही बघा, कारण तिथे कुणाचं लक्ष नसतं. कामाचं नाव जितकं नेमकं तितका धोका. ‘ध्वनी’ लिहिलं तर काही कळत नाही. ‘जुन्या मागाचं ध्वनिमुद्रण’ लिहिलं तर तिसरं तथ्य अर्धं बाहेर आलं. दुसऱ्या सिनेमात ‘जखमांची रंगभूषा’, ‘आगीची दृश्यं’, ‘दुहेरी भूमिकेसाठी दृश्यपरिणाम’ अशा ओळी असतात, त्या ट्रेलरखाली ‘रंगभूषा’ आणि ‘दृश्यपरिणाम’ एवढ्याच ठेवायच्या. त्या माणसाचं श्रेय कमी होत नाही, तपशील सिनेमाच्या शेवटी येतो.

आणि आभार! एका परिचिताच्या हलक्याफुलक्या कौटुंबिक शॉर्टफिल्मखाली शेवटची ओळ होती, ‘स्मशानभूमीतील कर्मचाऱ्यांचे विशेष आभार’. पुढे काय बोलायचं. ज्यांनी जागा दिली त्यांचे आभार मानायलाच हवेत, पण ट्रेलरखाली नाही मानले तर कुणी रागावत नाही, फक्त आधी सांगून ठेवायचं. ‘खडखडाट’मध्ये अक्कलकोट रोडवरच्या कारखानदाराचे आभार मी ठेवले असते का? कारखाना म्हणून ठेवायला हरकत नाही, सोलापुरात मागाच्या सिनेमाला कारखाना लागणारच. रस्त्याचं नाव मात्र काढलं असतं.

भरलेला तक्ता

शीर्षकाला यूट्यूबवर १०० अक्षरांची मर्यादा आहे. देवनागरीत ती मोजताना काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळे सुटे मोजले जातात. ‘श्रावणी’ आपल्या डोळ्याला तीन अक्षरं, मशीनला सात. आमचं शीर्षक ६४ मध्ये बसलं:

```
खडखडाट | ट्रेलर | मराठी शॉर्टफिल्म | Khadkhadat Official Trailer
```

रोमन लिपीतलं नाव मुद्दाम आहे, कारण शोधणारे पुष्कळ जण तसंच टाइप करतात. फोनवर लांब शीर्षक मधेच कापलं जातं, म्हणून सिनेमाचं नाव पहिलं. आणि वर्णन असं:

```
खडखडाट | शॉर्टफिल्म, १८ मिनिटं
प्रदर्शन: रविवार, ९ ऑगस्ट २०२६, सायं. ७ (भारतीय वेळ), याच चॅनेलवर

शेजारचा कारखाना बंद पडतो आणि मागांच्या खडखडाटाशिवाय
म्हाताऱ्या विणकराची झोप उडते; तो आवाज परत आणायला त्याची
अकरा वर्षांची नात मोबाइल घेऊन घराबाहेर पडते.

भाषा: मराठी, तेलुगू | उपशीर्षकं: मराठी, इंग्रजी
कलाकार (अकारविल्हे): …
पटकथा, दिग्दर्शन: … | छायाचित्रण: … | संकलन: …
ध्वनी: … | संगीत: … | निर्मिती: …
```

वर्णनाला ५,००० अक्षरांपर्यंत जागा मिळते. ती भरायची नसते.

टॅगना ५०० अक्षरं आहेत आणि त्यांचा उपयोग फार मर्यादित आहे, मुख्यतः नाव चुकीचं टाइप करणाऱ्यांसाठी: khadkhadaat, khad khad aat असले प्रकार. ते व्हिडिओखाली दिसत नाहीत म्हणून लोक तिथे ‘father son reunion’ बिनदिक्कत लिहितात. पण ते लपलेले नसतात, साध्या साधनाने कुणालाही वाचता येतात. हॅशटॅग तर सगळ्यांनाच दिसतात. दोनतीन पुरे, आणि त्यात #twist नको.

उपशीर्षकं आणि फाइल

ट्रेलरच्या उपशीर्षकांत संवादासोबत आवाजाचंही वर्णन असतं, ऐकू न येणाऱ्यांसाठी ते गरजेचं आहे. आमच्या ट्रेलरच्या शेवटी अंधारात मागाचा ठोका चुकतो. समजा संकलकाने लिहिलं: ‘[राजय्यांच्या जुन्या मागाचा आवाज]’. त्याला ते माहीत असतं, प्रेक्षकाला नाही. बदलून असं करायचं: ‘[मागाचा आवाज, मधेच ठोका चुकतो]’. कानाला जे ऐकू येतं तेवढंच लिहायचं, ते कोणाचं ते नाही. पडद्याबाहेरून कोणी बोलत असेल तर त्याचं नाव टाकायचं नाही. ‘[आवाज]’ पुरे.

फाइलचं नाव ही सगळ्यात फालतू वाटणारी आणि सगळ्यात पटकन फसवणारी गोष्ट. यूट्यूबवर फाइल चढवली की तिचं नावच आधी शीर्षकाच्या रकान्यात येऊन बसतं. घाईत ते बदलायचं राहिलं तर ‘khadkhadat_mulga_sapadto_v7’ हेच जगजाहीर. म्हणून निर्यात करतानाच नाव साधं द्या. शिवाय फाइलच्या पोटातही माहिती असते: संकलनाच्या प्रकल्पाचं नाव, कधीकधी टाइमलाइनवरच्या खुणा. वृत्तपत्राला किंवा महोत्सवाला मूळ फाइल पाठवली की ती सोबत जाऊ शकते. ffmpeg या मोफत साधनाच्या खालच्या दोन आज्ञा संगणकाच्या टर्मिनलमध्ये चालवा: पहिली ओळ ती माहिती दाखवते, दुसरी साफ करून नवी फाइल बनवते. चित्राचा दर्जा यात बदलत नाही:

```
ffprobe -hide_banner khadkhadat_trailer.mp4
ffmpeg -i khadkhadat_trailer.mp4 -map_metadata -1 -map_chapters -1 -c copy -metadata title="Khadkhadat Trailer" khadkhadat_upload.mp4
```

नव्या फाइलवर पहिली आज्ञा पुन्हा चालवा आणि title च्या पुढे काय दिसतं ते वाचा.

एक अपवाद. सिनेमात आत्महत्या, लैंगिक अत्याचार असं काही असेल आणि त्याची सूचना देणं भाग असेल तर गुपितासाठी ती गाळू नका. शब्द सौम्य ठेवा, कोणत्या पात्राशी काय घडतं ते लिहू नका, पण विषय लिहा. एखाद्या प्रेक्षकाला अंदाज आला तर येऊ द्या.

दोन अनोळखी वाचक

सगळं भरून झाल्यावर तक्त्याचा एकच स्क्रीनशॉट अशा दोघांना पाठवा ज्यांनी पटकथा वाचलेली नाही. ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, सगळे छान म्हणतात. विचारा: “शेवट काय असेल? तीन अंदाज सांग.” दोघांपैकी एकाचा जरी अंदाज झाकायच्या यादीतल्या गोष्टीला लागला तर पुढचा प्रश्न: “हे कशावरून वाटलं?” उत्तर जवळजवळ नेहमी दोन रकान्यांच्या जोडीत सापडतं. आमच्या उदाहरणात समजा भूमिका काढल्या, पण अकारविल्हे यादीत चाळिशीचा एक ओळखीचा नट आहे आणि ट्रेलरमध्ये तो कुठेच दिसत नाही. वाचक म्हणेल, हा कुठे आहे मग? हा धोका मजकुराने सुटत नाही. त्याला ट्रेलरमध्येच एक निरुपद्रवी शॉट द्यावा लागतो, कारखान्याच्या गर्दीत पाठमोरा वगैरे. म्हणून ही चाचणी ट्रेलर बंद करण्याआधी दोन दिवस करा, अपलोडच्या रात्री नाही.

थंबनेलही याच वेळी त्या दोघांना दाखवा. यूट्यूब स्वतःहून काही चौकटी सुचवतं, त्यातली निवडायची असेल तर झाकायची यादी समोर ठेवून. आम्ही नातीच्या हातातला मोबाइल आणि मागे बंद शटर असं वेगळं चित्र केलं असतं.

९ ऑगस्टला सात वाजता सिनेमा उघडल्यावर ट्रेलरच्या वर्णनातली दुसरी ओळ बदला: ‘प्रदर्शन’च्या जागी ‘आता पाहा’ आणि सिनेमाचा दुवा. भूमिका तेव्हाही भरायच्या नाहीत, कारण ट्रेलर बघून सिनेमाकडे येणारे लोक त्यानंतरही येतच राहतात.